शिरोलीचा दाखला, मोदेनाचा वाचक

‘दाखला देण्यात येतो की, सदर इसम आमच्या कारखान्यात २०१६ पासून सीएनसीवर काम करत होता. तो गरीब स्वभावाचा, निर्व्यसनी, आज्ञाधारक व चांगल्या घराण्यातील असून बीडाचे सर्व प्रकारचे जॉब काढतो. रोज १२० जॉब काढण्याची त्याची क्षमता आहे. सेटिंग स्वतः करतो. डबल ड्यूटीला कधी नाही म्हटले नाही, रजाही क्वचितच घेतली. युनियनच्या भानगडीत पडला नाही. त्याच्या वर्तणुकीबद्दल आमची तक्रार नाही. त्यास पुढील वाटचालीस शुभेच्छा.’

हा दाखला इथे नमुन्यासाठी रचला आहे. पण कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत उमेदवारी केलेल्या कुणालाही त्यातले एकही वाक्य परके वाटणार नाही. मालकाने मनापासून लिहिले आहे, कामगाराबद्दल त्याला माया आहे, आणि दुसऱ्या कोल्हापुरी मालकाच्या टेबलावर हा कागद पडला तर पोराला दुसऱ्या दिवशीच कामावर बोलावतील. आता समजा, या कामगाराने इटलीतल्या मोदेना शहराजवळच्या, तीस-पस्तीस माणसांच्या एका मशीन शॉपमध्ये अर्ज केला आहे आणि तिथून जुन्या मालकाचे पत्र इटालियनमध्ये मागितले आहे. हाच मजकूर शब्दाला शब्द ठेवून भाषांतरित केला, तर त्यातली निम्मी वाक्ये तिकडे कळणार नाहीत आणि उरलेल्यांतली दोन-तीन थेट मालकाविरुद्धच बोलतील.

मोदेना, बोलोन्या आणि रेज्जो एमिलिया हा पट्टा यंत्रांच्या कामासाठी ओळखला जातो. फेरारीचे मारानेल्लो मोदेनापासून अगदी जवळ आहे, पण खरे काम गल्लीबोळातल्या लहान कारखान्यांत चालते आणि त्या बाबतीत हा भाग कोल्हापूरच्या उद्यमनगराचा लांबचा भाऊ शोभेल. या भागात भारतीय माणूस नवा नाही. पो नदीच्या खोऱ्यातल्या गाईंच्या गोठ्यांवर पंजाबी शीख कामगार कित्येक वर्षांपासून आहेत आणि रेज्जो एमिलियाजवळच्या नोव्हेल्लारा गावात २००० साली उघडलेला त्यांचा मोठा गुरुद्वारा आहे. २ नोव्हेंबर २०२३ रोजी भारत आणि इटली यांनी कामगार-विद्यार्थ्यांच्या ये-जा करण्याबाबत करारावर सह्या केल्या. तेव्हापासून अशा अर्जांकडे पाहणारे डोळे वाढले आहेत, एवढे म्हणायला हरकत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. जुन्या मालकाचे पत्र हा व्हिसाचा कागद नव्हे. युरोपबाहेरच्या कामगाराला बोलवायचे तर इटालियन मालकाला आपल्या प्रांताच्या प्रीफेक्चरमधून कामाची परवानगी काढावी लागते आणि ती हाती आल्यावर कामगार मुंबईतल्या इटलीच्या महावाणिज्य दूतावासाकडे व्हिसासाठी जातो. पत्र लागते ते याच्याही आधी, या माणसासाठी एवढी कागदपत्रे रंगवायची की नाही हे मालक ठरवत असतो तेव्हा. पत्राचा खरा वाचक एकच असतो, मशीन शॉपचा प्रमुख. त्याला तिकडे ‘कापो ऑफिचिना’ म्हणतात. ‘हा माणूस सोमवारी सकाळी कुठल्या मशीनवर उभा करता येईल?’ या एका प्रश्नाचे उत्तर तो पत्रात शोधत असतो.

इटलीत या कागदामागे कायद्याची एक जुनी सवय आहे. १९४२ च्या इटालियन दिवाणी संहितेचे कलम २१२४ सांगते की, नोकरी कोणत्याही कारणाने संपली तरी मालकाने कामगाराला दाखला द्यायचा आणि त्यात दोनच गोष्टी लिहायच्या : किती काळ काम केले आणि कोणते काम केले. स्वभावाचा, घराण्याचा, वागणुकीचा उल्लेखही त्या कलमात नाही. पुढे प्रशंसेचे पत्र वेगळे लिहिले जाऊ लागले, पण वाचणाऱ्याची नजर अजूनही आधी या दोन गोष्टींकडेच जाते. या कसोटीवर शिरोलीचा दाखला लावला की पहिली अडचण दिसते. ‘२०१६ पासून’ आहे, पण ‘पर्यंत’ नाही.

मराठीत ते खटकत नाही, कारण ‘करत होता’ म्हटले की आता करत नाही हे वाचणाऱ्याला कळते. इटालियनमध्ये ‘अमुक सालापासून’ हा शब्दप्रयोग वर्तमानकाळी क्रियापदाबरोबर आला तर त्याचा अर्थ होतो, अजूनही तिथेच काम करतो. घाईतल्या भाषांतरकाराने क्रियापद वर्तमानकाळी केले तर मालकाच्या सहीचे पत्र सांगणार की हा माणूस आमच्याकडे नोकरीला आहे, आणि अर्जात तर त्याने २०२४ मध्ये नोकरी सोडल्याचे लिहिलेले. दोन कागद एकमेकांना खोटे पाडतात. इलाज साधा आहे. दिवस, महिना, वर्ष, दोन्ही टोके लिहायची : ४ जुलै २०१६ ते ३१ मे २०२४. मालकाला आठवत नसेल तर भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात किंवा जुन्या पगारपत्रकात ते सापडते.

यापुढे येतात वर्कशॉपमधले शब्द, आणि खरी गंमत इथे आहे. मराठीतून थेट इटालियन करणारे भाषांतरकार फार थोडे. म्हणून बहुतेक वेळा आधी कुणीतरी मजकूर इंग्रजीत आणतो आणि मग दुसरा कुणी तो इटालियनमध्ये नेतो. पहिल्या टप्प्यावर ‘जॉब’ हा शब्द इंग्रजी असल्यामुळे तो जसाच्या तसा पुढे सरकतो. शिरोलीत जॉब म्हणजे मशीनच्या चकमध्ये धरलेला नग. इटालियन भाषांतरकार त्याचा अर्थ नोकरी किंवा काम असा घेतो, आणि रोज १२० नोकऱ्या काढणारा एक अद्भुत मनुष्य मोदेनाला पोचतो. तिकडे नगाला ‘पेत्सो’ म्हणतात, शब्द अगदी रोजचा. पण तो लिहिण्यासाठी आधी हे समजले पाहिजे की मालक नोकरीबद्दल बोलत नाही.

‘बीड’ त्याहून अवघड. कारखान्यातल्या मराठीत बीड म्हणजे कास्ट आयर्न, आणि कोल्हापूर तर फाउंड्रीचेच गाव, त्यामुळे मालकाला हा शब्द समजावून सांगावा असे वाटतही नाही. पण पुण्या-मुंबईत बसलेल्या ज्याने फाउंड्री कधी पाहिली नाही त्याला आठवतो बीड जिल्हा. मग ‘बीडाचे जॉब’ म्हणजे बीड जिल्ह्यातल्या नोकऱ्या. इटालियनमध्ये कास्ट आयर्नला ‘गीझा’ म्हणतात. हा एक शब्द बरोबर बसला की कापो ऑफिचिनाला पुष्कळ काही कळते : या माणसाला बीडाची काळी भुकटी, ठिसूळ चिप आणि कास्टिंगच्या कडक कातडीवर बोथट होणारे इन्सर्ट माहीत आहेत. ॲल्युमिनियमवर काम केलेल्या माणसाचे हात वेगळे असतात.

१२० हा आकडाही तसा निरुपयोगी आहे. आठ तासांच्या पाळीत १२० नग म्हणजे एका नगाला चार मिनिटे. पण नग केवढा? बोटाएवढी बुश की परातीएवढे पंपाचे हाउसिंग? ते कळल्याशिवाय चार मिनिटे झटपट की सावकाश, हे कुणालाच सांगता येणार नाही. त्याऐवजी नगाचा व्यास, धातू आणि टॉलरन्स लिहिले तर वाचणारा मशीनपाशी उभा राहिल्यासारखा वाचतो. टॉलरन्सबाबत एक बारकावा आहे. शिरोलीत ‘वीस मायक्रॉन’ म्हणतात. इटालियन टर्नर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बोलतो. त्याच्या भाषेत तेच ‘दोन चेन्तेझिमी’, आणि लिहिताना ०,०२ मिमी, मध्ये टिंबाऐवजी स्वल्पविराम. इटलीत टिंब हजारांसाठी वापरतात. त्यामुळे १.५०० हा आकडा तिकडे दीड हजार असा वाचला जातो.

‘सेटिंग स्वतः करतो’ हे वाक्य मात्र सोन्यासारखे आहे आणि मालकाने ते दोन ओळींच्या मध्ये दडपले आहे. नग चढवून बटन दाबणारा ऑपरेटर आणि ड्रॉइंग वाचून टूल बसवणारा, ऑफसेट घेणारा, पहिला नग मोजून पास करून घेणारा सेटर, यांत इटलीत फरक करतात, आणि तो पगारापर्यंत जातो. तिकडच्या धातू-यंत्र उद्योगाचा देशव्यापी वेतनकरार आहे. २०२१ मध्ये त्याची जुनी श्रेणीपद्धत बदलून सर्वांत खालच्या ‘डी १’पासून वरच्या ‘ए १’पर्यंत नऊ पायऱ्या केल्या. कामगार कुठल्या पायरीवर बसणार, ते तो किती स्वतंत्रपणे काम करतो आणि किती जबाबदारी घेतो यावर ठरते. जुन्या मालकाचे पत्र पायरी ठरवत नाही, तो अधिकार त्याला नाही. पण पत्रात ‘सीएनसी ऑपरेटर’ एवढेच असले तर बोलणी खालच्या पायरीपासून सुरू होतात, आणि तिथून वर चढवणे परक्या देशात, परक्या भाषेत, नव्या माणसाला जड जाते. म्हणून ‘सेटिंग’ या एका शब्दाची चार वाक्ये झाली पाहिजेत : कोणती मशीन, कोणता कंट्रोल, प्रोग्रॅम स्वतः लिहितो की तयार प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करतो, आणि अडचण आली तर कुणाला विचारतो. फॅनुक किंवा सिमेन्स कंट्रोलचे नाव तर नक्कीच टाकावे, कारण तीच नावे मोदेनाच्या मशीनवरही असतात आणि त्यांना भाषांतर लागत नाही.

आता स्तुतीकडे वळू. ‘गरीब स्वभावाचा’ हे वाक्य शब्दशः नेले तर माणूस कंगाल ठरतो. ‘साधा’ लिहिले असते तर भोळसट ठरला असता. ‘आज्ञाधारक’साठी इटालियनमध्ये शब्द आहे, पण तो शाळकरी पोरांना किंवा शिकवलेल्या कुत्र्याला शोभतो. सूचना नीट ऐकतो आणि त्याप्रमाणे करतो, असे म्हटले की झाले. ‘निर्व्यसनी’ तर ठेवूच नये. ज्या मुलखात दुपारच्या जेवणाबरोबर वाइनचा पेला ही मामुली गोष्ट आहे, तिथे पत्रात मुद्दाम असे लिहिले तर वाचणारा विचारात पडतो की आधी काही भानगड होती की काय.

पण ज्या वाक्यांनी खरे नुकसान होते ती वेगळी आहेत. ‘डबल ड्यूटीला कधी नाही म्हटले नाही’ ही इकडे शाबासकी. इटलीत २००३ पासूनच्या कामाच्या वेळेच्या कायद्यानुसार कामगाराला दर चोवीस तासांत सलग अकरा तासांची विश्रांती मिळाली पाहिजे. डबल ड्यूटी म्हणजे सोळा तास काम आणि आठ तास विश्रांती. म्हणजे मालकाने स्वतःच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह कबुली दिली की आमच्याकडे असे चालायचे. ‘रजा क्वचितच घेतली’ याचेही तेच. तिकडे वर्षाला किमान चार आठवड्यांची पगारी रजा हा हक्क आहे आणि नोकरी चालू असेपर्यंत तिच्या बदल्यात पैसे देऊन मालकाला सुटता येत नाही. तिथल्या वाचकाला या वाक्यात कष्टाळू कामगार दिसत नाही, रजा न देणारा मालक दिसतो. सांगायचे ते सरळ सांगता येते : पाळ्यांमध्ये काम करण्याची सवय आहे, गैरहजेरी नगण्य होती, तातडीच्या ऑर्डरच्या वेळी ओव्हरटाइम केला.

युनियनचे वाक्य काढूनच टाकावे लागते. इटलीत १९७० साली कायदा क्रमांक ३०० आला, त्याला कामगारांचा संविधान-ग्रंथच मानतात. त्याचे आठवे कलम मालकाला कामगाराच्या राजकीय, धार्मिक किंवा संघटनाविषयक मतांची चौकशी करायला मनाई करते, आणि ती मनाई नोकरी देण्याआधीही लागू आहे. कामाच्या योग्यतेशी संबंध नसलेल्या गोष्टीही त्यातच येतात. म्हणजे ‘चांगल्या घराण्यातील’ हेही गेले. जात, धर्म, लग्न, मुलेबाळे, वडिलांचा व्यवसाय, यांतले काहीही पत्रात असू नये. शिरोलीच्या मालकावर हा कायदा लागू नाही, पण पत्र हातात धरणाऱ्यावर आहे. युनियनबद्दलची माहिती फाइलमध्ये ठेवलेली दिसली तर पंचाईत त्याची होते, आणि सावध मालक मग अख्खे पत्रच बाजूला ठेवतो.

इथे भाषांतरकाराचे हात बांधलेले आहेत. मूळात नाही ते त्याने घालायचे नाही आणि मूळात आहे ते गाळायचे नाही. म्हणून जाणता भाषांतरकार इटालियनला हात लावण्याआधी मराठी मसुदा मालकाकडे परत पाठवतो आणि सोबत प्रश्न जोडतो. ‘साहेब, शेवटची तारीख कोणती? जॉब म्हणजे कोणता नग? कंट्रोल कुठला?’ सुरुवातीला मालकाला ही कटकट वाटते. पण दुरुस्त झालेला मराठी मसुदा साधारण असा दिसतो :

‘मी, खाली सही करणारा, या कारखान्याचा मालक, असे नमूद करतो की श्री. अमुक, जन्मतारीख अमुक, यांनी आमच्या कारखान्यात ४ जुलै २०१६ ते ३१ मे २०२४ या काळात पूर्णवेळ काम केले. पहिली दोन वर्षे ते सीएनसी लेथवर ऑपरेटर होते, त्यानंतर सेटर-ऑपरेटर. फॅनुक कंट्रोलच्या दोन लेथवर ड्रॉइंग वाचणे, टूल बसवणे, ऑफसेट घेणे, तयार प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करणे आणि पहिला नग मोजून तपासणीस देणे ही कामे ते स्वतंत्रपणे करीत. काम मुख्यतः कास्ट आयर्नच्या पंपाच्या भागांचे होते, व्यास ८० ते २५० मिमी, टॉलरन्स ०.०२ मिमीपर्यंत. २०१९ पासून त्यांनी दोन नवीन ऑपरेटरना काम शिकवले. सुरक्षिततेची साधने ते नेमाने वापरत. नोकरी त्यांनी स्वेच्छेने सोडली. त्यांच्या कामाबद्दल माहिती हवी असल्यास मी इंग्रजीत किंवा हिंदीत बोलण्यास उपलब्ध आहे.’

या मजकुराचे इटालियन करायला फारसे डोके खाजवावे लागत नाही. टर्नर तिकडचा ‘तोर्नितोरे’, सेटर ‘अत्त्रेत्सिस्ता’. पत्राच्या डोक्यावर ठिकाण आणि तारीख, खाली ‘संबंधितांस’ अशा अर्थाचे संबोधन, आणि सहीच्या वर ‘इन फेदे’ ही ठरलेली दोन अक्षरे, म्हणजे आपल्याकडचे ‘वरील मजकूर खरा आहे’. मथळ्याला काय म्हणायचे यावर मात्र जपावे. शब्दकोशात शिफारसपत्रासाठी ‘राक्कोमान्दात्सिओने’ सापडतो. विद्यापीठांत तो चालतो, पण नोकरीच्या संदर्भात इटालियन माणसाच्या कानाला त्यात वशिल्याचा वास येतो. ‘बेनसेर्वितो’ हा चांगल्या सेवेच्या दाखल्याचा जुना शब्दही मिळतो, पण आजच्या बोलण्यात कुणाला बेनसेर्वितो देणे म्हणजे त्याला नारळ देणे. साधे ‘रेफेरेंत्से’ लिहिले की कुणाच्या मनात काही येत नाही.

नावाचा घोळ शेवटी होतो आणि सर्वांत जास्त छळतो. मराठी दाखल्यात आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि नाव व वडिलांचे नाव बहुधा दुसऱ्यात एकत्र. इटालियन कारकून पासपोर्टचाच रकाना धरणार. त्यामुळे पत्रातले नाव पासपोर्टवर आहे तसे, त्याच स्पेलिंगने लिहायचे. दाखल्यात शेवटी एक ‘ई’ जास्त आणि पासपोर्टमध्ये नाही, एवढ्याने माणूस दुसरा ठरू शकतो.

मग सही कुणी कशावर करायची? मालक मराठी पत्रावर सही-शिक्का करतो. इटालियन प्रत हे त्याचे भाषांतर म्हणून वेगळे जोडायचे आणि त्याखाली भाषांतरकाराने आपले नाव घालून सही करायची. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर मालकाने सही करू नये, आणि मराठी मूळ पत्राशिवाय इटालियन प्रत एकटीही पाठवू नये. खाजगी कारखान्याला एवढे पुरते. पुढे एखाद्या सरकारी कचेरीने हेच पत्र अनुभवाचा पुरावा म्हणून मागितले तर शपथेवरचे भाषांतर लागू शकते. इटलीत भाषांतरकार ते न्यायालयाच्या कचेरीत किंवा नोटरीपुढे शपथ घेऊन करतो आणि दर चार पानांमागे १६ युरोचे तिकीट लावावे लागते. ज्याचा कागद त्याने स्वतःच भाषांतर करून शपथ घेणे चालत नाही. पहिल्या अर्जालाच हा खर्च करण्यात अर्थ नाही, पण एजंट मंडळी तो आग्रहाने करायला लावतात.

पत्र मनात भरले तर मोदेनाहून फोन येतो. इटलीतले घड्याळ उन्हाळ्यात भारतापेक्षा साडेतीन तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेचार. तिथे कामावर आल्या आल्या फोन केला तरी शिरोलीत जेवणाची सुट्टी उजाडलेली असते किंवा टळत आलेली असते. त्यामुळे पत्रात कारखान्याच्या लँडलाइनऐवजी मालकाचा मोबाइल, +९१ सह, द्यावा. पलीकडून विचारतात ते दोन-तीन प्रश्न ठरलेले आहेत. पत्रातल्या तारखा बरोबर आहेत का. पहिला नग पास करताना त्याला कितीदा मदत लागायची. आणि त्याने नोकरी का सोडली. या शेवटच्या प्रश्नाला ‘घरगुती कारणाने’ हे आपले ठेवणीतले उत्तर दिले तर पलीकडचा माणूस गप्प होतो आणि मनात शंका धरतो. ‘आमच्याकडे त्याला यापेक्षा वरची जागा नव्हती’ किंवा ‘पुण्यात पगार जास्त मिळाला म्हणून गेला’, असे खरे कारण सांगितले की तो पुढच्या प्रश्नाला लागतो, आणि तो बहुधा मशीनबद्दलचा असतो.